चुलीची पाळी कशी लावायची

(कार्यकर्ता शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका कार्यकर्तीने केलेल्या बोलण्याचा मजकूर. ज्या पाड्यांतून कोणी येऊ शकलं नाही त्यांच्यासाठी इथे उतरवून दिला आहे. मीटिंगमध्ये कोणीतरी मोठ्याने वाचावा.)

बायांनो, बाप्यांनो, साथींनो,

काल दिवसभर आपण अर्जांचं बोललो, नकाशाचं बोललो, कचेरीत कोण बोलणार ते ठरवलं. आज मला चुलीवर बोलायचंय. तीन दिवस कचेरीसमोर बसायचं तर तीन दिवस खायचं कसं, आणि ते शिजवणार कोण, हे ठरवायचं राहिलंय. तेवढ्यासाठी वेगळं भाषण कशाला, असं कोणाला वाटेल. पण धरणं मोडतं ते पुष्कळदा दुसऱ्या दिवशी मोडतं, आणि पोलिसांनी उठवलं म्हणून मोडतं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मिळत नाही, पोरं रडायला लागतात, दुपारचं जेवण चार वाजता होतं, मग माणसं म्हणतात, घरी गुरं आहेत, जाऊन येतो. गेलेला माणूस परत येत नाही. कचेरीतल्या साहेबाला हे ठाऊक असतं. तो उद्या या, परवा या म्हणतो, कारण त्याला माहीत असतं की उद्यापर्यंत निम्मे पांगतील.

दुसरी गोष्ट बायांना चांगली माहीत आहे. पाळी लावली नाही तर शिजवणाऱ्या त्याच आठ-दहा जणी असतात. पहाटे चारला उठायचं आणि रात्री नऊला भांडी घासून झोपायचं, तिन्ही दिवस. साहेब बाहेर येऊन काय बोलला, ते यांना दुसऱ्याकडून कळतं. आत शिष्टमंडळ जातं त्यात यांचं नाव नसतं, कारण त्या वेळी भात उतरवायचा असतो. जमीन कसताना निम्म्याहून जास्त काम बाईचं, आणि जमिनीचं बोलणं चालू असताना ती चुलीपाशी. हे कोणी मुद्दाम करत नाही. पाळी लावली नाही की आपोआप असंच होतं.

म्हणून पाळी कशी लावायची ते नीट बघू. मी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. आपण काय करतो, माणसांपासून सुरुवात करतो. कोण कोण काम करणार, हात वर करा. वीस हात वर होतात, आपल्याला बरं वाटतं, मीटिंग संपते. पण वीस हात कुठल्या वेळेचे ते कोणी विचारत नाही. सगळे हात सकाळी दहाच्या कामाचे असतात. पहाटे चारला चूल कोण पेटवणार? दुपारी दोनला, सगळे जेवून आडवे झाल्यावर, मोठे टोप कोण घासणार? रात्री एकला धान्याशी कोण बसणार? तिथं कोणीच नसतं. म्हणून सुरुवात वेळेपासून करायची. आधी पूर्ण दिवसरात्र मांडायची, चोवीस तास, एकही तास उघडा ठेवायचा नाही. माणसं त्यानंतर बसवायची.

आता आपलंच उदाहरण घेऊ. चार पाडे आहेत: वरचा, मधला, खालचा आणि नदीपलीकडचा. पोराबाळांसकट दोनशे माणसं धरू. तीन दिवस धरू. काय शिजवायचं? सकाळी चहा आणि नाचणीची पेज, दुपारी भात, डाळ आणि एक भाजी, चारला चहा, रात्री पुन्हा भात-डाळ. भाकरीच्या भानगडीत पडू नका, दोनशे माणसांना भाकरी थापायची तर आणखी वीस बाया चुलीपाशी अडकतील.

काम करणाऱ्या माणसाला एका जेवणाला पावशेरभर तरी तांदूळ लागतो. किलोच्या हिशोबात आपण दोनशे ग्रॅम धरू. लहान पोरं कमी खातात, तरणी पोरं जास्त खातात, सरासरी बसते. म्हणजे दोनशे माणसांना एका वेळी चाळीस किलो तांदूळ, आणि पन्नास ग्रॅमच्या हिशोबाने दहा किलो डाळ. लग्नातला मोठा टोप असतो त्यात एका वेळी दहा किलो तांदूळ बरा शिजतो. त्याहून जास्त घातला तर खालचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. म्हणजे चार टोप भात. चुली तीन. एका चुलीवर डाळ आणि भाजी, दोन चुलींवर भात, दोन-दोन खेपा. लाकडावर पाण्याला उकळी येऊन भात होऊन टोप उतरेपर्यंत तास-सव्वा तास जातो. दोन खेपांना अडीच तास. बारा वाजता पंगत बसवायची तर नऊ-सव्वानऊला पहिला टोप चढलाच पाहिजे. त्याआधी तांदूळ निवडलेला, भाजी चिरायला घेतलेली, पिंपात पाणी भरलेलं.

हा हिशोब मी का सांगते? कारण पाळी कुठे बदलायची ते यावरून ठरतं. पुष्कळ ठिकाणी घड्याळ बघून सरळ चार-चार तासांच्या पाळ्या करतात. चार ते आठ, आठ ते बारा, बारा ते चार. कागदावर छान दिसतं. पण बारा वाजता काय चाललेलं असतं? पंगत बसलेली असते, भाताचा तिसरा टोप नुकता उतरलेला, चौथा चुलीवर. अगदी त्या वेळी जुनी माणसं उठणार आणि नवी येणार. नव्या माणसाला माहीत नाही डाळीत मीठ पडलंय की नाही. दोघांनी घातलं तर डाळ खारट, कोणीच नाही घातलं तर अळणी. म्हणून टोप चुलीवर असताना किंवा पंगत चालू असताना पाळी बदलायची नाही. पाळी बदलायची जागा म्हणजे काम संपतं ती जागा.

त्याप्रमाणे आपल्या सहा पाळ्या होतात. लिहून घ्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोटांवर धरा.

पहिली, पहाटेची: चार ते नऊ. चूल पेटवणं, चहा, पेज, पिंपं भरणं. सहा माणसं.
दुसरी, दुपारच्या जेवणाची: साडेआठ ते दीड. शिजवणं आणि वाढणं. बारा माणसं.
तिसरी, घासण्याची: एक ते पाच. मागून आलेल्यांना वाढणं, मोठी भांडी, पाणी, लाकडं, चारचा चहा, रात्रीचे तांदूळ निवडून ठेवणं. आठ माणसं.
चौथी, रात्रीच्या जेवणाची: साडेचार ते साडेनऊ. बारा माणसं.
पाचवी, आवरण्याची: रात्री नऊ ते साडेबारा. पाच माणसं.
सहावी, राखणीची: रात्री बारा ते पहाटे साडेचार. तीन माणसं.

बघा, प्रत्येक पाळी आधीच्या पाळीवर अर्धा तास चढलेली आहे. आपल्या घराचं छप्पर शाकारताना पेंढीवर पेंढी चढवतो तसं. पेंढीला पेंढी नुसती चिकटवून ठेवली तर पाऊस आत येतो. पाळीचंही तसंच आहे. एक नऊला उठली आणि दुसरी नऊलाच येणार असली, तर मध्ये वीस मिनिटं कोणीच नसतं, आणि नेमकं त्याच वीस मिनिटांत कुत्रं डाळीत तोंड घालतं.

त्या अर्ध्या तासात काय करायचं? जुन्या पाळीच्या मुख्य माणसाने नव्या पाळीच्या मुख्य माणसाला चार गोष्टी सांगायच्या. चुलीवर आता काय आहे आणि त्यात काय पडलंय. धान्य किती उरलं. पिंपं किती भरलेली आहेत. आणि किती माणसं जेवायची राहिली आहेत, म्हणजे शिष्टमंडळ आत असेल, कोणी आजाऱ्याला दवाखान्यात घेऊन गेलं असेल. हे चार बोल झाल्याशिवाय जुन्याने जागा सोडायची नाही.

आता माणसं मोजू. सहा, बारा, आठ, बारा, पाच, तीन. एका दिवसाला सेहेचाळीस जागा. तीन दिवसांच्या एकशे अडतीस. शिवाय प्रत्येक पाळीला एक राखीव माणूस ठेवायचा, कोणी आला नाही तर त्याला उठवायचं. अठरा पाळ्यांचे अठरा राखीव. एकूण एकशे छप्पन्न जागा. कोणी म्हणेल पहिल्या दिवशी पहाटे आपण कचेरीपाशी पोचलेलोच नसू, मग पाळी कशाला? त्या दिवशीची पहाटेची पाळी म्हणजे धान्य, टोप, लाकडं टेम्पोत चढवायची पाळी. आणि शेवटच्या रात्रीच्या पाळ्या म्हणजे उसनी आणलेली भांडी मोजून ज्याची त्याला पोचवायची पाळी. तेही कामच आहे. ते कोणाच्या नावावर नसलं की एक टोप हरवतो आणि पुढच्या वेळी कोणी भांडी देत नाही.

दोनशे माणसांत काम करू शकणारे किती? तीस लहान पोरं धरू. म्हातारे आणि आजारी पस्तीस धरू. अंगावर पाजणाऱ्या आणि पोटुशी बाया पंधरा. हे ऐंशी सोडले की एकशे वीस उरतात. एकशे छप्पन्न जागा आणि एकशे वीस माणसं. म्हणजे छत्तीस जणांना दोनदा पाळी येईल आणि चौऱ्याऐंशी जणांना तीन दिवसांत एकदाच. एकदाच, हे नीट ऐका. जी बाई एरवी तिन्ही दिवस चुलीपाशी असते, तिला तीन दिवसांत एक पाळी किंवा फार तर दोन. बाकी वेळ ती पुढे बसणार, ऐकणार, बोलणार. एवढाच फरक आहे, पण तो हिशोब मांडल्याशिवाय दिसत नाही. ‘सगळ्यांनी मिळून करू’ म्हटल्यावर दहा जणी करतात, आणि मोजून वाटलं की एकशे वीस जण करतात.

यात बापे आलेच. आपल्याकडे लग्नात दहा किलोचा भाताचा टोप कोण उतरवतं? बापेच उतरवतात ना? मग धरण्याच्या वेळी टोप काय जड होतो? आणि शिष्टमंडळातली माणसंही त्या एकशे वीसांत आहेत. कचेरी दिवसा चालते. त्यांना पहाटेची किंवा रात्रीची पाळी द्यायची. कचेरी पहाटे चारला उघडत नाही.

आता हे सगळं मांडायचं कसं? कागदावर तक्ता करता येतो, पण तक्ता चार जणांना वाचता येतो आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, असं नको. आपण जमिनीवर मांडू. सारवलेल्या अंगणात कोळशाने रेघा मारा. आडव्या सहा ओळी म्हणजे सहा पाळ्या, उभे तीन रकाने म्हणजे तीन दिवस. अठरा घरं झाली. ओळीच्या सुरुवातीला खूण ठेवा. पहाटेला काडेपेटी, दुपारच्या जेवणाला पळी, घासण्याला राखेची मूठ, रात्रीच्या जेवणाला झाकण, आवरण्याला केरसुणी, राखणीला काठी. प्रत्येक घरात जितकी माणसं हवीत तितके छोटे खड्डे बोटाने करा. पहाटेच्या घरात सहा आणि राखीवाचा एक जरा बाजूला, असे सात.

मग प्रत्येक पाड्याचं एक बी ठरवा. वरच्या पाड्याचा चिंचोका, मधल्याचा वालाचा दाणा, खालच्याची मोहाची बी, नदीपलीकडच्याचा नदीतला गोटा. प्रत्येक माणसाने स्वतः येऊन आपलं बी खड्ड्यात ठेवायचं आणि मोठ्याने नाव सांगायचं. बाजूला एक जण वहीत ते नाव लिहून घेईल. दुसऱ्याच्या नावाने बी ठेवायचं नाही. ‘माझी बायको करेल’ असं म्हणून नवऱ्याने बी ठेवायचं नाही, तिने यायचं. आणि ‘आज खालचा पाडा करेल’ असं तर कधीच लिहायचं नाही. पाडा चूल पेटवत नाही, माणूस पेटवतो. पाड्याचं नाव लिहिलं की प्रत्येकाला वाटतं, शेजारी गेला असेल.

बी ठेवायला सांगितल्यावर काय होतं ते सांगते. दुपारच्या जेवणाचे खड्डे लगेच भरतात. रात्रीचंही जेवण भरतं. मग लोक उठायला लागतात, आणि काडेपेटीची, राखेची आणि काठीची ओळ रिकामी राहते. म्हणून उलटं करायचं. आधी अवघड घरं भरायची. पहाट, घासणं, राखण ही तीन भरल्याशिवाय जेवणाच्या ओळीवरचं फडकं काढायचंच नाही. खरोखरच फडकं टाकून झाकून ठेवा. आणि अवघड पाळीला एक सवलत द्या. ज्याने पहाटेची, घासण्याची किंवा राखणीची पाळी घेतली, त्याला दुसरी पाळी नाही. मग बघा किती जण पुढे येतात.

सगळं भरलं असं वाटलं की दोनदा वाचायचं. पहिल्यांदा आडवं वाचायचं, वेळेवरून. एक जण काठी घेऊन ओळीओळीने जाईल आणि विचारेल, दुसऱ्या दिवशी पहाटे चारला कोण? त्या माणसांनी ‘मी’ म्हणायचं. आवाज आला नाही तिथं भोक आहे, बी दिसत असलं तरी. दुसऱ्यांदा माणसावरून वाचायचं. वहीत बघायचं, एकच नाव तीनदा आलंय का? एकच माणूस मध्यरात्री राखणीला आणि त्याच पहाटे चुलीला आहे का? तसं असेल तर त्याला झोप नाही, आणि झोप नसलेल्या माणसाच्या हातून उकळतं पाणी सांडतं. एका घरातले नवरा-बायको एकाच पाळीत आहेत आणि त्यांचं पोर लहान आहे का? मग पोर चुलीपाशी फिरणार. एकाला दुसऱ्या पाळीत न्या. आणि चारही बिया प्रत्येक घरात थोड्याथोड्या दिसताहेत का? एका घरात नुसते चिंचोकेच असतील तर वरच्या पाड्यात कोणी मयत झालं की ती पूर्ण पाळी रिकामी होते. आडवं वाचल्यावर भोक दिसतं, माणसावरून वाचल्यावर कोणावर ओझं पडलंय ते दिसतं. एकदाच वाचलं तर दोनांतलं एक राहून जातं.

आणखी एक तपासायचं. भाताचा अंदाज सगळ्यांना नसतो. चार माणसांची डाळ करणारी बाई दोनशेंची डाळ पहिल्यांदा करते तेव्हा मिठाला घाबरते. म्हणून जेवणाच्या प्रत्येक पाळीत लग्नाकार्यात शिजवलेलं एक जाणकार माणूस हवं. त्याच्या खड्ड्यात बीसोबत एक मिरची ठेवा. तीन दिवसांत दुपारच्या आणि रात्रीच्या मिळून सहा पाळ्या आहेत, म्हणून सहा मिरच्या हव्यात. आपल्या चार पाड्यांत तशी चारच माणसं असतील तर दोघांना दोनदा यावं लागेल, ते आधी कळू द्या. आणि जाणकाराने हात चालवायचा नाही, तोंड चालवायचं. शेजारी शिकणारा एक जण उभा करायचा आणि त्याच्याकडून करून घ्यायचं. पुढच्या धरण्याला मिरच्या वाढतील.

बारा जणांच्या पाळीत कोण काय करतं? चौघं चुलीवर, चौघं निवडायला-चिरायला, दोघं पाण्याला, एक लाकडाला आणि एक मुख्य. पंगत बसली की चिरणारे चौघं वाढायला उभे राहतात, पाणी आणणारे पाणी वाढतात, आणि चुलीवरचे त्यांना टोपातला भात काढून देतात. ताटं ज्याची त्याने धुवायची, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर घासणाऱ्या आठांवर दोनशे ताटं पडतील. मुख्याने स्वतः काम अंगावर घ्यायचं नाही. त्याने घड्याळ बघायचं, माणसं मोजायची आणि पुढच्या पाळीला जागं करायचं. सगळ्यांकडे घड्याळ नाही, म्हणून एकच घड्याळ स्वयंपाकाच्या खांबाला टांगा आणि पाळी बदलायच्या अर्धा तास आधी थाळी वाजवा. रात्री थाळी नको, रात्री मुख्याने हलवून उठवायचं. त्यासाठी कोण कुठे झोपतो ते संध्याकाळीच बघून ठेवायचं. अंधारात दोनशे पांघरुणांतून माणूस सापडत नाही.

आता पाळी कितीही नीट लावली तरी मोडते. ती मोडायला लागली हे कसं ओळखायचं? पाळी सुरू होऊन पाव तास झाला आणि एक माणूस कमी आहे, तर राखीवाला बोलवा. दोन कमी असतील तर राखीवाला बोलवाच, पण त्या माणसांच्या पाड्यातही विचारा, काहीतरी झालेलं असतं. आणि आधीच्या पाळीतलेच लोक पुढच्या पाळीत राबताना दिसले, तर समजा की पाळी कागदावरच उरली आहे. हे बहुतेक वेळा दुपारी दोनला दिसतं. शिजवणाऱ्याच घासायला बसतात, कारण घासणारे सभेत आहेत. तिथं मुख्याने जाऊन सभेतून माणसं उठवून आणायची. भाषण चालू असलं तरी आणायची.

दुसरं, मोर्चाची वेळ. अकराला कचेरीच्या दारात घोषणा द्यायच्या ठरल्या की चुलीवरचे सगळे उठून धावतात. त्यांचं मनही तिकडेच असतं. म्हणून धरण्याचा कार्यक्रम आणि चुलीची पाळी एकत्र बसून ठरवा. घोषणा द्यायच्या असतील तर साडेनऊला द्या किंवा दीडनंतर द्या. अकरा ते एक हा चुलीचा वेळ आहे, त्या वेळी बसून बोलायचं काम ठेवा.

तिसरं, माणसं परत जातात. गुरं, म्हातारी आई, मजुरी. ते होणारच. म्हणून तीन दिवसांची पाळी एकदा लावून विसरायचं नाही. रोज रात्री नऊला, आवरण्याची पाळी आली की, सहाही पाळ्यांच्या मुख्यांनी पाच मिनिटं उभ्या उभ्या उद्याचं आडवं वाचन पुन्हा करायचं. कोण गेलं, भोक कुठे पडलं. ते भोक तेव्हाच भरायचं, पहाटे चारला नाही.

जेवणाचं एक पक्कं सांगते, कारण त्याचा पाळीशी संबंध आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारचा उरलेला भात रात्रीच्या भातात मिसळायचा नाही. मोठ्या टोपात भात आतून तासन् तास कोमट राहतो आणि तसाच नासतो, वरून वास येत नाही. दोनशे माणसांना जुलाब लागले तर साहेबाला काही करावंच लागणार नाही. उरलेलं तिसऱ्या पाळीने संपवायचं, मागून आलेल्यांना द्यायचं, नाहीतर गुरांना घालायचं. आणि ज्याला जुलाब, उलटी किंवा हाताला पिकलेली जखम आहे, त्याची चुलीची पाळी लाकडाच्या किंवा राखणीच्या कामाशी बदलायची. मुख्याने पाळी सुरू होताना सगळ्यांचे हात बघावेत, त्यात लाज नाही.

कोणी विचारलं होतं, एवढं मोजून कशाला, शिखांच्या गुरुद्वारात कुठं असतं? अमृतसरच्या दरबारसाहेबात लंगर दिवसरात्र चालतो, कोणीही येतो, बसून पोळ्या लाटतो, भांडी घासतो, निघून जातो. खरं आहे. पण तिथं रोज हजारो माणसं येतात. त्यातल्या थोड्यांनी हात लावला तरी कुठलाही तास रिकामा राहत नाही. आणि तरीसुद्धा तिथं कायमचे सेवादार ठेवलेले आहेतच. आपण दोनशे. आपल्यात पहाटे चारला ‘येईल कोणीतरी’ म्हटलं तर कोणी येत नाही. माणसं जितकी थोडी, तितकं मोजून ठेवावं लागतं. उलट तीसच माणसं असतील तर सहा पाळ्या करू नका, तिथं तीन पुरतात: सकाळ, संध्याकाळ आणि रात्र. एवढ्या थोड्यांत सहा केल्या तर प्रत्येकजण रोज कुठल्यातरी पाळीत अडकतो आणि धरण्याला बसायला कोणी उरत नाही.

आता बोलणं पुरे. आज दुपारी जेवण झाल्यावर पुढच्या महिन्याच्या धरण्याची पाळी इथंच अंगणात मांडायची आहे. खालच्या पाड्याने मोहाच्या बिया आणल्या आहेत, चिंचोकेही आहेत, गोटे नदीवरून आणावे लागतील. काडेपेटीच्या ओळीपासून सुरुवात करू. शिष्टमंडळात ज्यांची नावं काल ठरली, त्यांनी आधी यावं, पहाटेचे अठरा खड्डे आणि बाजूचे तीन राखीव रिकामे आहेत.

जिंदाबाद.